कुरडईच्या ऑर्डरी रखडल्यात, इन्स्टावर माफीचं कॅप्शन कसं लिहू?

शेवंती_कऱ्हाड | 3 जून 2025, सकाळी 11:20

नमस्कार मंडळी. आमचं घरगुती वाळवणाचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. कुरडई, सांडगे, पापड, सांडगी मिरची असं सगळं सासूबाई आणि गल्लीतल्या चौघी मिळून करतात. इन्स्टा, व्हॉट्सअॅप आणि पार्सलं माझ्याकडे असतात. मे महिना म्हणजे आमची दिवाळी, पण यंदाचा मे तुम्ही पाहिलाच. आधी वळीव, मग 26 मेला मान्सूनच मुंबईत हजर. गच्चीवर आठ दिवस कुरडई पसरताच आली नाही. एक घाणा भिजला, तो टाकून दिला.

आज 61 ऑर्डरी बाकी आहेत, सगळ्या मिळून 42 किलो कुरडई. पैसे आधी घेतलेत आणि साइटवर "8 दिवसांत रवाना" असं लिहिलंय. आता आम्ही सोलार ड्रायर बसवलाय, म्हणजे मार्ग निघालाय. मला एक कॅप्शन हवंय, ज्यात माफी असेल, लोकांचा विश्वास टिकेल आणि ड्रायरचंही सांगता येईल. मी लिहिलेलं असं आहे:

"प्रिय खवय्यांनो, निसर्गापुढे कुणाचं चालतं? 🌧️ पावसाने थोडा घोळ घातला, पण आम्ही हार मानली नाही! तुमच्या लाडक्या कुरडया आता अत्याधुनिक सोलार ड्रायरमध्ये तयार होत आहेत. ऊन असो वा पाऊस, आता उशीर नाही! लवकरच तुमच्या दारी. तुमचं प्रेम असंच राहू द्या. ❤️ आजच ऑर्डर करा!"

काय बदलू?

---

पिंपळपान | सकाळी 11:52

छान आहे. फक्त माफी वगैरे शब्द नको, चूक कबूल केल्यासारखं होतं. पाऊस ही नैसर्गिक आपत्ती आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत अशा कारणाने उशीर झाला तर विक्रेत्याला सूट आहे, पैसे परत करायची सक्ती नाही. तेवढं ठामपणे लिहून टाका, लोक गप्प बसतील.

---

मृदुला_प | दुपारी 12:10

लोक गप्प बसतील आणि पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतील!

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. (तुमची गिऱ्हाईक नाही, पण माझीही अशीच एक ऑर्डर दुसरीकडे अडकली आहे.) माझा मुलगा 17 तारखेला परत अटलांटाला चाललाय आणि कुरडई त्याच्या बॅगेत जायची आहे. ज्यांच्याकडे ऑर्डर दिली त्यांनी काल अशीच हृदयबिदयवाली पोस्ट टाकली. पोस्ट दोनदा वाचली. 17 च्या आत येणार की नाही, हे काही कळलं नाही. "लवकरच" म्हणजे कधी? नाही येणार म्हणाल्या असत्या तर मी आजच तुळशीबागेतून घेऊन आले असते. राग उशिराचा नाही हो, ताटकळत ठेवल्याचा आहे.

---

निनाद_पोस्टवाला | दुपारी 12:41

मी छोट्या दुकानांची सोशल मीडियाची कामं करतो. मृदुलाताईंनी अर्धं काम केलंच आहे, बाकीचं सांगतो.

इन्स्टावर फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, साधारण सव्वाशे अक्षरं. पुढचं वाचायला माणसाला मुद्दाम टॅप करावं लागतं. तुमचा तो तुकडा "निसर्गापुढे कुणाचं चालतं" आणि "हार मानली नाही" यातच संपला. ज्याचे पैसे अडकलेत त्याला तिथेच तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय रखडलंय, तारीख कुठे आहे, पैसे परत मिळतील का. कारण त्याच्या खाली.

दुसरं, "थोडा घोळ" काढा. ज्याचा हजार रुपयांचा माल वीस दिवस आला नाही त्याला तो थोडा वाटत नाही. आणि "आजच ऑर्डर करा" तर आधी काढा. आधीची ऑर्डर पोचलेली नसताना पुढची मागणं म्हणजे पंगतीत पहिल्या वाढपाचा पत्ता नाही आणि यजमान आहेराची पाकिटं गोळा करत फिरतोय.

सगळ्यात महत्त्वाचं, कॅप्शन शेवटी टाका. आधी त्या 61 जणांना एकेकाला मेसेज, नावानिशी आणि ऑर्डर नंबरासकट. आपली ऑर्डर अडकल्याचं गिऱ्हाइकाला पोस्टवरून कळता कामा नये. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी यासाठी वापरू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि ऑनलाइन गिऱ्हाइकांपैकी कितीजण दुकानाचा नंबर सेव्ह करतात?

---

शेवंती_कऱ्हाड | दुपारी 1:15

ब्रॉडकास्टचं माहीतच नव्हतं! मग तारीख टाकते. 10 दिवसांत सगळं रवाना होईल असं धरलंय. "13 जूनपर्यंत सर्व ऑर्डर रवाना" लिहू का?

---

जळगावची_वाळवणवाली | दुपारी 2:03

थांब गं बाई, तारीख टाकायची घाई करू नकोस. माझं पापड-कुरडईचं युनिट आहे, ड्रायर वापरून केस पांढरे झाले. आधी मला सांग:

सोलार ड्रायर नुसता सोलार आहे की आत कॉइलही आहे? ढगाळ हवेत नुसता सोलार ड्रायर तापत नाही, आणि बाहेरची हवाच दमट असली की पंखा दमट हवाच आत फिरवत बसतो. त्यात तू लिहितेस "ऊन असो वा पाऊस". एका वेळी सुकी कुरडई किती निघते? आणि आत्तापर्यंत किती घाणे काढलेस?

---

शेवंती_कऱ्हाड | दुपारी 2:20

कॉइल आहे काकू, दोन किलोवॅटची. विक्रेत्याने पावसाळ्यासाठी म्हणून मुद्दाम घ्यायला लावली. एकच घाणा काढलाय. साधारण तीन किलो सुकी कुरडई निघाली. सकाळी लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. दिसायला एकदम पांढरीशुभ्र आणि कोरडी.

---

जळगावची_वाळवणवाली | दुपारी 2:58

कॉइल आहे हे बरं झालं. आता हिशेब मांड.

42 किलोला तीनप्रमाणे चौदा घाणे. दिवसाला एक घाणा म्हटलं तरी चौदा दिवस, म्हणजे 10 दिवसांचं गणित इथेच मोडलं. त्यात गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलून, वाटून, गाळून, चीक रात्रभर बसवून मगच शिजवायला येतो. आज गहू भिजत घातलास तर 6 तारखेला पहिला घाणा ड्रायरमध्ये जाईल आणि 7 ला निघेल. तिथून रोज एक धरला तर चौदावा 20 ला. मधे रोज नवीन गहू भिजत पडला पाहिजे, तो एक दिवस चुकला की तीन दिवसांनी ड्रायर रिकामा राहतो. हे पहिल्या वर्षी कुणाच्याच लक्षात येत नाही.

शिवाय पावसात वीज जातेच. चार-पाच दिवस त्याचे धर. म्हणजे शेवटची ऑर्डर 25 जूनला निघेल. ही तारीख टाक. 22 ला निघाली तर कुणी भांडायला येणार नाही.

आता ते "पांढरीशुभ्र आणि कोरडी". इथेच फसायला होतं. सुरुवातीलाच तापमान चढवलं की कुरडईचा वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला कोरडी लागते. पाकिटात गेली की आठ दिवसांत ते पाणी बाहेर येतं आणि गाठोड्याच्या मध्यभागी, जिथे धागे एकमेकांवर पडलेले असतात, तिथे बुरशीचा ठिपका धरतो. पहिले काही तास 45-50 अंश ठेव, उलटल्यावर मग 60 पर्यंत ने.

पारख अशी कर. घाण्यातल्या चार-पाच कुरडया गार झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेव. सकाळी पिशवीला आतून दमटपणा दिसला किंवा कुरडई मोडताना कडकन न मोडता वाकली, तर घाणा परत ड्रायरमध्ये. मग एक तळून बघ. मधला भाग फुलला नाही, पिवळट आणि दातांना चिवट राहिला, तर ती आत ओली आहे.

उशीर झाला म्हणून लोक माफ करतील. उशिराने आलेल्या पाकिटात बुरशी निघाली तर कुठलंच कॅप्शन तुला वाचवणार नाही. ड्रायरची जाहिरात आणखी दोन घाणे या पारखेतून उतरल्यावरच कर.

---

भाऊसाहेब_तासगाव | दुपारी 3:30

ड्रायर केवढ्याला पडला? आमच्या बचत गटाला घ्यायचा आहे, बेदाण्याच्या शेडशेजारी जागा आहे. अनुदान मिळतं का?

---

जळगावची_वाळवणवाली | दुपारी 3:41

भाऊ, इथे माफीचं चाललंय, पण सांगते. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे, पीएमएफएमई म्हणतात. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, एकट्याच्या उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाख, पण बँकेच्या कर्जाला जोडलेलं. रोखीने यंत्र घेऊन मग अनुदान मागायला गेलात तर हात हलवत परत याल. कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात विचारा आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.

---

निनाद_पोस्टवाला | दुपारी 4:25

काकूंचा हिशेब भारी आहे, त्यावर एक सुचवतो. सगळ्यांना 25 तारीख सांगू नका. ऑर्डर नंबरांप्रमाणे तीन गट करा. पहिल्या वीस जणांची साधारण चौदा किलो, म्हणजे पाच घाणे, 11 ला तयार. पारख, पॅकिंग आणि विजेची सूट धरून 14 जून. पुढचे वीस 19 ला, उरलेले 25 ला. प्रत्येकाला आपला नंबर शोधून आपली तारीख मिळते, आणि मेसेजेसमध्ये "माझं कधी?" विचारणारे निम्मे होतात.

ज्यांच्या ऑर्डरीत पापड, सांडगे तयार आहेत ते उद्याच पाठवून द्या. कुरडई मागून, दुसऱ्या कुरिअरचा खर्च तुमचा. तो कापू नका, त्याचा उल्लेखही करू नका.

आणि पिंपळपान, ते पावसाचं कलम जरा सांभाळून. साइटवर "8 दिवस" कधीपर्यंत लिहिलेलं होतं, शेवंतीताई?

---

शेवंती_कऱ्हाड | दुपारी 4:50

अजूनही आहे. पाऊस लागल्यावरही पंधरा-सोळा ऑर्डरी आल्या त्यावर. वाटलं होतं, उघडेल.

---

पिंपळपान | संध्याकाळी 5:05

मग थोडं अवघड आहे. नियमातली सूट आपल्या हाताबाहेरच्या कारणाला आहे. पाऊस पडताना दिसत असूनही 8 दिवसांचा वायदा देत राहिलात, तर त्या पंधरा-सोळा जणांपुढे "अनपेक्षित" म्हणणं टिकणं कठीण. आधीच्यांच्या बाबतीत मात्र माझा मुद्दा मी सोडलेला नाही. त्यांना पैसे परत देणं हा चांगुलपणा आहे, बंधन नाही.

---

मृदुला_प | संध्याकाळी 5:20

चांगुलपणा म्हणा नाहीतर बंधन म्हणा, पैसे परत मिळतात हे दिसलं की निम्मे लोक मागतच नाहीत. मी तरी नसते मागितले, जर 17 तारीख नसती. पण "मागितल्यास विचार करू" असलं काही लिहू नका, त्याने माणूस जास्त भडकतो. किती दिवसांत आणि कसे मिळतील तेही लिहा.

---

निनाद_पोस्टवाला | संध्याकाळी 5:48

बरोबर. यूपीआयने तुमच्याकडे थेट आलेले पैसे त्याच दिवशी परत पाठवता येतात. साइटच्या पेमेंट गेटवेने आलेले असतील तर तुम्ही आज बटण दाबलं तरी गिऱ्हाइकाच्या खात्यात पडायला बहुतेक वेळा पाच ते सात कामाचे दिवस जातात. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी "पैसेही बुडवले" अशी कमेंट येते.

आणि साइटवरचं "8 दिवस" आत्ता, या मिनिटाला बदला.

---

कोथरूडकर_किराणा | संध्याकाळी 6:30

पुढच्या ऑर्डरीवर 10 टक्के सूट द्या की, "SORRY10" कोड. आमच्याकडे चालतं.

---

जळगावची_वाळवणवाली | संध्याकाळी 6:44

नको. सूट घ्यायला त्याला परत खरेदी करावी लागते, म्हणजे माफीतही धंदा आला. त्यापेक्षा पाकिटात मूठभर सांडगी मिरची टाक. कॅप्शनमध्ये लिहू नकोस, उघडल्यावर दिसेल.

---

कोथरूडकर_किराणा | संध्याकाळी 6:58

काकू, मिरचीने भावना जपल्या जातील, पण परत येणारा माणूस कोडनेच येतो. माझ्याकडे वापरतात लोक. फक्त माल पोचल्यावर द्यायचा, आधी नाही.

---

शेवंती_कऱ्हाड | 8 जून, रात्री 9:10

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते. 3 ला रात्रीच साइटवरची मुदत बदलली आणि कुरडईवर "सध्या ऑर्डर बंद" लावलं. 4 आणि 5 ला सगळ्यांना एकेक मेसेज केला. तयार पापड-सांडगे लगेच पाठवले. नऊ जणांनी पैसे परत मागितले, दिले. बाकीचे "चालेल, पण 25 म्हणजे 25" म्हणाले.

गहू 3 ला दुपारीच भिजत घातला होता. 6 आणि 7 ला लावलेले दोन्ही घाणे निघाले. काकू, 6 चा पिशवीच्या पारखेत नापास झाला! वरून मस्त, आणि सकाळी पिशवीला आतून दव. सासूबाई म्हणाल्या, "बघ, ही पाठवली असतीस तर?" परत ड्रायरमध्ये घातला, आता कडकन मोडतो. कालचा 45 वरून हळूहळू चढवला, तो पहिल्याच फेरीत उतरेल असं दिसतंय. आज रात्री पिशवीत आहे, उद्या सकाळी कळेल.

कॅप्शन असं केलंय. फोटो ड्रायरच्या ताटांचा आहे, सजवलेल्या थाळीचा नाही:

"कुरडईच्या ऑर्डर उशिरा पोचणार आहेत. नव्या तारखा खाली आहेत. थांबायचं नसेल तर पूर्ण पैसे परत देतो.

8 दिवसांत पाठवू असं आम्ही सांगितलं होतं, ते जमलं नाही. मेच्या पावसात गच्चीवरचं वाळवण थांबलं, आणि तरीही काही दिवस आम्ही ऑर्डर घेत राहिलो. तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ऑर्डर नंबर 1 ते 20: 14 जूनपर्यंत रवाना
21 ते 40: 19 जूनपर्यंत
41 ते 61: 25 जूनपर्यंत

पैसे परत हवे असतील तर ऑर्डर नंबर मेसेज करा. यूपीआयने दिलेले त्याच दिवशी, साइटवरून दिलेले 5 ते 7 कामाच्या दिवसांत मिळतील.

आता विजेवरही चालणारा ड्रायर बसवलाय. रोज साधारण तीन किलो कुरडई त्यात वाळते. प्रत्येक घाण्यातली कुरडई रात्रभर बंद पिशवीत ठेवून, सकाळी मोडून आणि तळून बघतो. त्यात उतरली तरच पाकिटात जाते. या सगळ्या ऑर्डर निघेपर्यंत कुरडईची नवीन ऑर्डर घेणार नाही."

उद्याचा घाणा उतरला की टाकते. आणखी काही?

---

निनाद_पोस्टवाला | रात्री 9:34

उत्तम. टाकल्यावर प्रोफाइलवर पिन करा, नाहीतर चार रीलनंतर खाली जाईल. गट निघाला की त्याच कॅप्शनमध्ये त्या ओळीपुढे "रवाना" असं लिहा, कॅप्शन नंतर बदलता येतं. तिखट कमेंट आल्या तर पुसू नका. प्रत्येकीखाली त्या माणसाच्या गटाची तारीख लिहा, बाकी बोलणं मेसेजमध्ये.

एकच खटकतंय. "नवीन ऑर्डर घेणार नाही" याऐवजी "नवीन ऑर्डरची रवानगी जुलैपासून" असं लिहून घ्यायला काय हरकत आहे? ड्रायर आहे, मागणी आहे. तारीख खरी दिलीत तर त्यात फसवणूक नाही.

---

जळगावची_वाळवणवाली | रात्री 9:50

हरकत आहे. जुलैत आमच्याकडेच दिवसाला दोनदा वीज जाते. आणि अडकलेल्या 52 जणांना तेच कॅप्शन वाचताना दिसणार की ही बाई अजून पैसे गोळा करतेय. ज्याला हवी असेल त्याचं नाव वहीत लिहून घे, पैसे घेऊ नकोस.

ड्रायरच्या ओळी बरोबर आहेत. "अत्याधुनिक" गेलं, किलो आले. हेच हवं होतं.

---

निनाद_पोस्टवाला | रात्री 10:02

वही चालेल. पण काकू, पैसे न घेता नाव लिहिलेल्यांतले निम्मे नंतर फोन उचलत नाहीत, हेही खरं आहे.

---

पिंपळपान | रात्री 10:15

"ते जमलं नाही" हे वाक्य मी अजूनही काढलं असतं. बाकी ठीक.

---

मृदुला_प | रात्री 10:21

ते वाक्य ठेवा! पूर्ण कॅप्शनमध्ये मला तेच पटलं.

माझ्या दुकानवाल्या बाईंनी शेवटी काल कळवलं, 20 तारखेनंतर. उडदाचे पापड आणि सांडगे घालतेय मुलाच्या बॅगेत. शेवंती, तुमची सांडगी मिरची तयार आहे का? 14 च्या आत पुण्यात पोचेल?

---

शेवंती_कऱ्हाड | रात्री 10:30

मिरची उन्हात एप्रिलमध्येच वाळलेली आहे ताई, पाव किलोची पाकिटं तयार आहेत. उद्या दुपारच्या कुरिअरने निघेल, पुण्याला बहुतेक दोन दिवस लागतात. 12 पर्यंत हातात आली नाही तर मला कळवा. पैसे मिळाल्यावर द्या.